ओवीची १३८ खेळणी: डोंबिवलीच्या एका घरातलं प्रकरण

ओवीच्या आईचा फोन आला तेव्हा जूनचा दुसरा आठवडा होता. मुलगी तीन वर्षं एक महिन्याची. एप्रिलमध्ये वाढदिवस झाला, त्यात घर खेळण्यांनी भरलं आणि तेव्हापासून ती खेळेनाशी झाली, असं आईचं म्हणणं. "ताई, दिवसभर पसारा असतो, पण खेळ नसतो. सगळं ओतते, दोन मिनिटं हाताळते आणि मग माझ्या सासूबाईंच्या मागे मोबाइलसाठी भुणभुण लावते."

मी बालवर्गात एकोणीस वर्षं शिकवते आहे. अशा तक्रारी नेहमी येतात आणि बहुतेक घरांत पालकांनी मनाशी निदान करून टाकलेलं असतं: मूल चंचल आहे. ओवीच्या घरीही तो शब्द आलाच. म्हणून उपाय सांगण्याआधी मी फक्त बसून बघायचं ठरवलं. (मुलीचं नाव बदललं आहे. घरच्यांच्या परवानगीनं हे लिहिते आहे.)

पहिली संध्याकाळ

घर वन बीएचके. आई बँकेत, बाबा खासगी कंपनीत, दोघंही सातच्या पुढे घरी. दुपारी साडेबारापासून, म्हणजे नर्सरीतून आल्यावर, ओवी आजीजवळ. हॉलच्या कोपऱ्यात दोन मोठे प्लॅस्टिकचे टब, एक झाकणाचा खोका, गॅलरीत आणखी एक गोणपाटाची पिशवी. सगळ्यांत खेळणी.

साडेपाचला मी कोपऱ्यात बसले आणि तीस मिनिटं मोजली. ओवीनं पहिलाच टब पालथा केला. एक कुत्रा उचलला, त्याचं बटण दाबलं, तो भुंकला, खाली ठेवला. गाडी. दुसरी गाडी. बाहुलीचा एक पाय धरून ती ओढत पझलपर्यंत नेली, पझलचे तीन तुकडे लावले, चौथा सापडेना, कारण तो बहुधा दुसऱ्या टबात होता. मग दुसरा टब. तीस मिनिटांत तिनं २३ वस्तू हातात घेतल्या. सगळ्यांत लांब टिकलेली वस्तू चार मिनिटं.

मी वही मिटणार इतक्यात ओवी स्वयंपाकघरात गेली. आजींनी ओट्याखालच्या कप्प्यातून एकात एक बसणारे स्टीलचे तीन डबे काढून दिले, नुसतं गप्प बसावी म्हणून. तिनं झाकणं काढली, मोठं झाकण लहान डब्यावर ठेवलं, ते डगमगलं, उचलून मधल्यावर ठेवलं, हातानं दाबून बघितलं. मग तिन्ही डबे रांगेत लावून प्रत्येकाला "चहा" दिला. झाकण नीट बसलं की येणारा तो हलका 'टक' आवाज तिला हवा होता. तो आला की आजीकडे बघायची. हे अकरा मिनिटं चाललं.

ती अकरा मिनिटं मी आईला दाखवली, कारण त्यात सगळं उत्तर होतं. मुलगी चंचल नव्हती. तीन डब्यांसमोर ती रमते आणि दोन टबांसमोर उडते.

असं का होतं

नवी वस्तू हातात आली की लहान मूल आधी तिची चौकशी करतं: हे काय आहे, वाजतं का, उघडतं का? ती चौकशी पुरी झाल्यावरच खरा खेळ सुरू होतो: आता मी याचं काय करू? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ कॉरिन हट यांनी १९६६ मध्ये हा फरक नेमका मांडला होता आणि मला तो बालवर्गात रोज दिसतो. चौकशी झटपट होते, खेळ वेळ घेतो. पण समोर शंभर वस्तू असल्या की एकीची चौकशी संपायच्या आत दुसरी डोळ्यात भरते. तीन वर्षांच्या मुलाला दिसणारी गोष्ट मनातून बाजूला सारणं अजून जमत नाही. ते बळ पुढे हळूहळू येतं. त्यामुळे ओवी दिवसभर चौकशीच करत होती. खेळापर्यंत तिची पाळीच येत नव्हती.

याची एक छोटी चाचणी अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात झाली आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १८ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांना एकदा चार खेळणी देऊन आणि एकदा सोळा देऊन खेळू दिलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याबरोबर जास्त वेळ राहिली आणि एकच खेळणं जास्त तऱ्हांनी वापरलं. अभ्यास लहान आहे, प्रयोगशाळेतला आहे आणि मुलं ओवीपेक्षा लहान होती. घरी महिनोन्‌महिने खेळणी फिरवल्यावर काय होतं, हे त्यातून कळत नाही. म्हणून आम्ही 'चार' हा आकडा मंत्रासारखा धरला नाही. दिशा तेवढी घेतली.

चादरीवर ओतलेली खेळणी

रविवारी ओवी कल्याणला आईच्या माहेरी गेली आणि आम्ही हॉलमध्ये जुनी चादर अंथरून सगळं ओतलं. तिच्यासमोर हे करू नये. तीन वर्षांच्या मुलाला "यातलं काय नको?" विचारलं की सगळंच हवं असतं आणि विसरलेली खेळणीही नव्यानं जिवलग होतात.

एक संच म्हणजे एक खेळणं असं धरून मोजलं तर १३८ भरली. २७ तुटकी किंवा अर्धवट निघाली, ती गेली. १६ रांगत्या वयातली होती, ती चुलतबहिणीच्या बाळासाठी ठेवली. २१ बटण दाबलं की वाजणारी. नऊ धोक्याची, त्यांबद्दल एक परिच्छेद लिहायलाच हवा.

त्या नवांत आतेभावाच्या मोठ्या मुलाचे बारीक ठोकळे होते, दोन सुटी लोहचुंबकं होती आणि बटणाएवढ्या चपट्या सेलवर चालणारी एक अंगठी होती, जिचं सेलचं झाकण नखानं उघडत होतं. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. दोन चुंबकं गिळली गेली तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. तीन वर्षं पुरी झाली म्हणून मूल तोंडात घालायचं थांबत नाही. टिश्यूच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी घ्यावी, जे तिच्यातून आरपार पडेल ते या वयाच्या हाती देऊ नये. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं घरातच ठेवू नये, माळ्यावरही नाही.

उरली ६५. त्यात १७ गाड्या आणि १४ मऊ प्राणी. घरात येणाऱ्या प्रत्येकानं एक गाडी आणली होती, बाकी काही नाही.

आता निवड. आम्ही खेळण्यांचे दोन प्रकार मानले आणि त्यांना नावं दिली: मुक्कामी आणि पाहुणी. मुक्कामी खेळणी कधीच आत जात नाहीत. ओवीसाठी ती चार ठरली: लाकडी ठोकळे, भातुकली, एक बाहुली आणि तिची दोन फडकी, कागद आणि जाड रंगखडू. यांतल्या कशालाही एकच एक उत्तर नाही. ठोकळा आज भिंत, उद्या साबण. पाहुणी खेळणी येतात-जातात. पहिल्या खेपेला चार गाड्या, आठ प्राणी, बारा तुकड्यांचं एक पझल आणि डॉक्टरचा संच ठेवला. म्हणजे एकूण आठ जागा. पाच पुस्तकं वेगळी. चेंडू आणि तीनचाकी सायकल या हिशोबात धरलीच नाहीत. अंग मोडून खेळायच्या वस्तू लपवून काही साधत नाही.

बटणाच्या २१ खेळण्यांतलं एकही मी मुक्कामी केलं नाही. ती वाईट नसतात, पण त्यांची चौकशी संपली की पुढे करण्यासारखं फार थोडं उरतं. अधूनमधून एखादं पाहुणं म्हणून यावं, एवढंच.

मांडणीसाठी बाबांनी चपला ठेवायचं नवीन लाकडी रॅक आणलं. तीन फळ्या, सगळ्यात वरची ओवीच्या छातीएवढी. ते आधी भिंतीला एल पट्टीनं घट्ट केलं, कारण मूल रॅकवर चढणारच. प्रत्येक खेळणं आपापल्या उथळ टोपलीत किंवा जुन्या ताटात आणि दोन ताटांत हातभर मोकळी जागा. टब वाईट का, ते इथे कळतं. टबात हवी ती वस्तू तळाशी असते, म्हणून सगळं ओतावंच लागतं आणि ओतलं की पुन्हा शंभर वस्तू समोर. जड झाकणाच्या खोक्यात बोटं आणि मान अडकण्याची भीती आणखी वेगळी.

उरलेली खेळणी आधी माळ्यावर गेली. महिन्याभरात ती जागा चुकल्याचं कळलं. माळ्यावर चढायला स्टूल लागतं, कुणीतरी धरायला लागतं, मग बदल करायचा राहूनच जातो. शेवटी बेडखालच्या कप्प्यात सुती पिशव्या ठेवल्या. एका पिशवीत एक पुरा संच आणि पिशवीला बांधलेल्या पुठ्ठ्यावर "पझल, १२ तुकडे" असं लिहिलेलं. तुकडे मोजूनच पिशवी बंद करायची. चौथा तुकडा सापडला नाही की पझल तिथेच संपतं, हे पहिल्याच संध्याकाळी दिसलं होतं. पारदर्शक डबे आम्ही टाळले. जे दिसतं ते मागितलं जातं.

पहिले तीन आठवडे आणि तीन चुका

रविवारी संध्याकाळी ओवी परत आली, रॅकसमोर उभी राहिली आणि "माझ्या घरात कोण आलं होतं?" असं विचारलं. मग बाहुली घेतली, खाली बसली. आईला वाटलं, झालं.

रात्री साडेनऊला रडारड सुरू झाली. "माझी कचऱ्याची गाडी." एक चाक निखळलेली हिरवी गाडी तुटक्यांच्या ढिगात गेली होती. सुदैवानं पिशवी अजून दारामागेच होती. आईनं मला फोन करून विचारलं, की आता दिली तर रोज असंच मागत बसेल का? मी म्हटलं, आत्ता द्या, काही अट न घालता. मूल नाव घेऊन मागतं ती वस्तू लगेच मिळाली पाहिजे. गेलेली गोष्ट परत येते हा भरवसा बसला की मागणं आपोआप कमी होतं. अविश्वास बसला की मूल प्रत्येक वस्तूला घट्ट धरून ठेवतं आणि खेळ तिथेच मरतो. त्या गाडीनं पुढे एक जागा कायमची घेतली. तिचं चाक बाबांनी तारेनं बसवून टोक आत वळवून दिलं. मुक्कामी खेळणी चाराची पाच झाली. माझ्याकडूनही इथे चूक झाली होती. तुटक्यांचा ढीग बाहेर टाकण्याआधी आजींना दाखवायला हवा होता. कुठल्या मोडक्या वस्तूवर जीव आहे, हे दिवसभर जो मुलाबरोबर असतो त्यालाच ठाऊक असतं.

दुसरी चूक आईनं फार चांगल्या हेतूनं केली. कमी म्हणजे चांगलं, म्हणून तिनं साठ ठोकळ्यांचे वीस-वीसचे तीन भाग केले आणि दोन आत ठेवले. ओवीनं सात ठोकळ्यांचा मनोरा केला, पाडला, पुन्हा केला, उठली. चार दिवस तसंच. मी गेले तेव्हा साठही ठोकळे टोपलीत ओतले. त्या दिवशी तिनं फरशीच्या एका रेषेवरून ठोकळ्यांची रांग लावत नेली, कोपऱ्यावर वळवली, आत गाड्या लावल्या आणि मला सांगितलं, "ही पार्किंग. आमची गाडी इथं. तुझी बाहेर लाव, जागा नाय." वीस मिनिटांच्या वर हे चाललं. वीस ठोकळ्यांत पार्किंग होत नाही.

खेळणी कमी करताना लोक इथे हमखास चुकतात. कमी करायचे ते प्रकार, नग नव्हेत. ठोकळे, माती, कागद, भातुकलीची भांडी हे भरपूरच लागतं, तेव्हा त्यातून काही उभं राहतं. सतरा गाड्यांच्या चार झाल्या तर काही बिघडत नाही, कारण पार्किंगला चार पुरतात. साठ ठोकळ्यांचे वीस झाले की इमारतच उभी राहत नाही.

तिसरी चूक वेळापत्रकाची. बाबांना शिस्त आवडते. दर रविवारी रात्री बदल, असं त्यांनी मोबाइलवर लावून ठेवलं होतं. तिसऱ्या रविवारी नियमाप्रमाणे डॉक्टरचा संच आत गेला आणि त्या जागी मण्यांची चौकट आली. पण शनिवारपासून बाहुलीला ताप होता. तिला ठोकळ्यांच्या पलंगावर दवाखान्यात ठेवलेलं होतं आणि ओवी सकाळी उठून थेट तिकडे गेली. स्टेथोस्कोप नाही. तिनं रॅकच्या तिन्ही फळ्या बघितल्या, बाहुली उचलून परत ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा टोपल्या पालथ्या घालायला लागली. आजींना लगेच कळलं. त्या मला म्हणाल्या, "ताई, दवाखाना मधेच बंद केला हो आपण."

दुधाच्या कॅलेंडरवरच्या नोंदी

तिथून बदलाचा वार आम्ही सोडून दिला. वार पाहून नाही, खेळ पाहून बदलायचं. पण खेळ पाहायचा कुणी आणि कसा? आजींकडे दुधाच्या हिशोबाचं कॅलेंडर होतं, तारखेच्या चौकोनात "१॥ लि." लिहिलेलं. त्याच चौकोनात रोज एक ओळ, एवढंच मी मागितलं. आजी सातवीपर्यंत शिकलेल्या आणि नोंदी अशा करायच्या की मी प्रशिक्षणात दाखवाव्यात. "मंगळ. गाड्या ओळीत. ठोकळ्याचा टोलनाका. अर्धा तास." "बुध. तोच टोलनाका, आज पैशे घेते." "शुक्र. पझलला हात नाही, ५ दिवस."

त्या ओळींतून काय वाचायचं, ते सांगते. मंगळवारी टोलनाका आणि बुधवारीही टोलनाका, हे बघून आईला वाटलं होतं की कंटाळा आला असेल, बदलूया. पण बुधवारी पैसे आले होते. तोच खेळ रोज होतोय आणि त्यात रोज काहीतरी भर पडतेय, तर त्याला हात लावायचा नाही, मग तो तीन आठवडे चालो. उलट वस्तू हातात येते, पण फक्त फेकायला किंवा ओतायला, आणि चार-पाच दिवस भर काहीच नाही, तेव्हा ती पाहुणी खेळण्यात असेल तर आत जाऊ शकते. हातच न लागलेली वस्तू सगळ्यात सोपी. फक्त एक तपासावं: ती अवघड म्हणून पडून आहे की सोपी झाली म्हणून? ओवीचं बारा तुकड्यांचं पझल तिला पाठ झालं होतं. चोवीस तुकड्यांचं आणल्यावर पुन्हा बसली.

बदल करायचा तो ओवी झोपल्यावर, एका वेळी एक, फार तर दोन वस्तू. सगळं रॅक एकदम बदललं की पुन्हा चौकशीचाच दिवस जातो. आणि नवी वस्तू कुठे ठेवायची, याला महत्त्व आहे. प्राणी परत आले तेव्हा ते ठोकळ्यांच्या शेजारच्या ताटात ठेवले. दुसऱ्याच दिवशी गोठा झाला. आधी हेच प्राणी तिसऱ्या फळीवर पुस्तकांजवळ होते, तेव्हा आठवडाभर नुसते उभे होते. मुक्कामी खेळण्याच्या खांद्याला खांदा लावून पाहुणं बसवलं, तर त्या दोघांचं जुळतं. आत गेलेली वस्तू तीन-चार आठवडे तरी आत राहू दिली की बाहेर येताना तिच्यात थोडं नवेपण असतं. दोन दिवसांत परत आणली तर ती जुनीच असते.

जुलै-ऑगस्टमध्ये डोंबिवलीच्या हवेत बेडखालचा कप्पा कोंदट होतो. एका मऊ अस्वलाला बुरशीचा वास यायला लागला, दोन लाकडी तुकड्यांवर पांढरी साय दिसली. ऊन मिळेल त्या दिवशी पिशव्या गॅलरीत वाळवल्या, सुती पिशव्या तोंडाशी सैल बांधल्या आणि सेल काढून ठेवले, कारण आत पडून राहिलेला सेल गळतो. आजी सवयीनं डांबराच्या गोळ्या टाकायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. त्या विषारी असतात आणि मुलाला पेपरमिंटसारख्या दिसतात.

आजोबा, मालिका आणि एक धमकी

आजोबा दर शनिवारी कल्याणहून यायचे आणि येताना स्टेशनबाहेरून एक खेळणं आणायचे. त्यांना नाही म्हणायचं कुणाच्या जिवावर येतं? मी त्यांना थेट सांगितलं, की आजोबा, तुमच्या घरी तिचं एकही खेळणं नाही, तिथे ती आल्यावर काय करते? ते विचारात पडले. तेव्हापासून त्यांनी आणलेली खेळणी कल्याणच्या घरीच राहतात, एका टोपलीत. डोंबिवलीला येताना ते औषधांचे रिकामे खोके, पावतीबुकातली जुनी पानं, लग्नपत्रिका आणतात. त्याचं ओवीनं काय केलं, ते पुढे येतं.

आजींची हरकत वेगळी होती. "एवढं पैशे घालून आणलेलं डांबून ठेवायचं म्हणजे पोरीवर अन्याय नाही का?" त्यांना मी वाद घालून पटवलं नाही. त्यांच्याच नोंदींनी पटवलं.

पण आजींच्याच वेळेत एक खाच होती. साडेसहाला मालिका लागायची आणि कॅलेंडरवरच्या लांब खेळांची वेळ बघितली तर एकही साडेसहानंतरचा नव्हता. मूल टीव्हीकडे बघत नसलं तरी आवाजानं आणि हलत्या प्रकाशानं त्याचा खेळ तुटत राहतो. २००८ मध्ये अमेरिकेत एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात मोठ्यांचा कार्यक्रम नुसता मागे चालू ठेवला होता. मुलं त्याकडे क्वचितच आणि क्षणभर बघत होती, तरी त्यांच्या खेळाची लांबी घटली. आजींनी दुसऱ्या दिवशी दुपारी, ओवी झोपलेली असताना, पुनःप्रक्षेपण बघायला सुरुवात केली. माझ्या मते या घरात रॅकच्या खालोखाल याचाच उपयोग झाला.

जुलैच्या शेवटी बाबा दमून आलेले असताना बोलून गेले, "आवरलं नाहीस तर सगळं माळ्यावर टाकेन." आठवड्यानं आईला ओवीच्या उशीखाली तीन प्राणी, दोन भातुकलीच्या वाट्या आणि कचऱ्याची गाडी सापडली. ती खेळणी लपवायला लागली होती. खेळणी फिरवणं आणि खेळणी जप्त करणं ही मुलाच्या डोळ्यांत एकच गोष्ट होऊ शकते आणि तसं झालं की हे सगळं बंद केलेलं बरं. बाबांनी तिला जवळ घेऊन सांगितलं, "तुझं काही जाणार नाही. झोपायला जातात, उठून येतात." दोन-तीन वेळा तिला बेडखालचा कप्पा उघडून दाखवला. उशीखालची वस्ती आठ-दहा दिवसांत हलली.

आवरायचं म्हणाल तर त्याचं फार करावं लागलं नाही. प्रत्येक ताटाखाली फळीवर त्या खेळण्याचं चित्र चिकटवलं होतं. आठ-नऊ जागा तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्यात राहतात. आधी आईला पाऊण तास लागायचा, आता दोघी मिळून सात-आठ मिनिटं.

गणपती ते ऑक्टोबर

गणपतीच्या दिवसांत मी गेले तर ओवीनं ठोकळ्यांचा मखर केला होता. दोन उंच खांब, वर आडवी पट्टी. ती सारखी पडत होती, कारण खांब एका उंचीचे नव्हते. तिनं पट्टी काढली, दोन्ही खांबांना हात लावून बघितला, बुटक्या खांबावर एक पातळ ठोकळा चढवला आणि पट्टी श्वास रोखून ठेवली. राहिली. मग आतमध्ये अस्वल बसवलं, त्याला फडक्याचं उपरणं, भातुकलीच्या वाटीत चुरमुऱ्याचा एक दाणा, आणि झाकण चमच्यावर वाजवत आरती. तिच्या हातात या सगळ्यात मोजक्याच वस्तू होत्या.

जुलैच्या मध्याला केलेल्या तीस मिनिटांच्या मोजणीत सहा वस्तू आणि सलग सतरा मिनिटं अशी नोंद होती. ऑक्टोबरमध्ये तीन वस्तू आणि चोवीस मिनिटं. हे सगळं रॅकमुळे झालं, असं मी म्हणणार नाही. मधे चार महिने गेले, त्या वयात चार महिने पुष्कळ असतात. ती नर्सरीत रुळली. टीव्ही बंद झाला. आणि काही वेळा काहीच चाललं नाही: संध्याकाळी सातला आई दारात आली की ओवीला कुठलंच खेळणं नको असायचं, तिला आई हवी असायची. तिथे खेळणी बदलून उपयोग नव्हता. आईनं पर्स ठेवून आधी दहा मिनिटं जमिनीवर बसायचं, चहा नंतर, असं ठरलं. तापात आणि झोप अपुरी झालेल्या दिवशीही ती उडतच राहायची.

इतकं केल्यावरही एखादं मूल दोन-तीन महिन्यांत कशातच रमत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, खोटं-खोटं खेळतच नसेल, तर खेळणी फिरवत वेळ घालवू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. ओवीच्या बाबतीत त्या स्टीलच्या डब्यांनी पहिल्याच दिवशी मला ती काळजी दिली नव्हती. झाकण लागलं की ती आजीकडे बघत होती, आणि रिकाम्या डब्यातून चहा देत होती.

शेवटच्या भेटीला आजोबांच्या औषधांच्या खोक्यांचं दुकान हॉलभर पसरलेलं होतं. ठोकळ्यांचा काउंटर, लग्नपत्रिकांच्या पावत्या, कचऱ्याच्या गाडीतून माल येत होता. मी आजींना विचारलं, की डॉक्टरचा संच आता आत न्यायचा का, बरेच दिवस झाले. त्यांनी उत्तर दिलं नाही, कॅलेंडर पुढे केलं. त्या दिवसाच्या चौकोनात दुधाखाली लिहिलं होतं: "काही हलवू नये. दुकान चालू आहे. गोळ्या लिहून द्यायला डॉक्टर लागतो."